पिंड नव्हे, स्तूप!

श्रावणातला सोमवार, ऑफिसला दांडी आणि इस्लामपूरहून गाडी थेट कऱ्हाडजवळच्या आगाशिव डोंगराकडे. वर महादेवाचं देऊळ, खाली जखीणवाडीच्या बाजूला बौद्ध लेणी. एका लेण्यात शिरल्या शिरल्या माझ्या मावशीने हात जोडले, अर्धी प्रदक्षिणा घातली आणि मागे वळली. महादेवाची सोमसूत्री प्रदक्षिणा अशीच असते ना! सोबतची मैत्रीण हळूच म्हणाली, "मावशी, ही पिंड नाही, स्तूप आहे. पूर्ण फेरी मारा."

मीही लहानपणापासून ती पिंडच समजत होते. ओळखायचं कसं? पिंडीला पाणी जायला शाळुंका असते, स्तूपाला ती नसते. गोल जोत्यावर अर्धगोल घुमट बसवलेला असतो. त्याला 'अंड' म्हणतात. दगड-विटांनी बांधलेल्या स्तूपातही हा घुमट भरीवच असतो, आत खोली नसते; पोटात असतात बुद्धाचे किंवा भिक्षूंचे अवशेष. घुमटावर चौकोनी हर्मिका, म्हणजे छोटा कठडा, आणि त्यावर छत्री. राजाच्या डोक्यावर छत्र धरतात, तोच मान इथे अवशेषांना.

कठडा गेला कुठे?

सांचीचा स्तूप आठवा. भोवती दगडी कठडा, चार दिशांना चार तोरणं. कठड्याचे उभे खांब, त्यांत खोबणी करून बसवलेले आडवे दांडे, वर जाड तुळई. सगळं लाकडाच्या कुंपणासारखं. सुतारकामाची सवय दगडातही सुटली नाही! गंमत म्हणजे तिथल्या दक्षिण तोरणावर सातकर्णी राजाच्या कारागिरांचा प्रमुख आनंद याचं दान कोरलंय. सातकर्णी म्हणजे आपल्याकडचेच सातवाहन.

त्या तोरणातून नाकासमोर चालत स्तूपापाशी जाता येत नाही. कठडा तिथे काटकोनात वळवलाय, त्यामुळे बाहेरची घाई बाहेरच राहते. आत गेलं की डावीकडे चालू लागायचं. स्तूप कायम उजव्या हाताला. पूजा म्हणजे हे चालणंच.

लेण्यात डोंगरच कोरायचा, तेव्हा वेगळं कुंपण कशाला? कठडा उरला तो नक्षीची पट्टी म्हणून, तोरणाचं काम दारानं केलं. कार्ल्याला प्रदक्षिणेची वाट खांबांच्या रांगेमागून, अर्धगोल भिंतीला धरून जाते. तिथल्या स्तूपावरची मूळ लाकडी छत्री अजून शाबूत आहे, जाल तेव्हा मान वर करून बघाच.

मावशीने काय केलं? क्षणभर थबकली, मग स्तूप उजव्या हाताला ठेवून पुन्हा निघाली. या वेळी मध्येच वळली नाही.