पडद्यावर बोटं दिसत नाहीत

समजा, एका दुकानातल्या बिलिंग सॉफ्टवेअरमध्ये चूक सापडली. २०० रुपयांच्या ५ वस्तू, १० टक्के सूट, ५ टक्के जीएसटी : बिल ९४५ रुपये, बरोबर. मग गिऱ्हाइकाने एक वस्तू परत केली. ५ चे ४ केले, तर बिल ७५६ व्हायला हवे, झाले ७३५. सूट ८० वर यायला हवी होती, ती आधीच्याच १०० वर अडकली.

दुकानदार सपोर्टला कळवतो, ‘बिल चुकतंय.’ तिकडचा माणूस तेच आकडे घालून पाहतो, त्याच्याकडे ७५६ येतात. आठवडा असाच फोनाफोनीत जातो.

स्क्रीन रेकॉर्डिंगने हे टळू शकते. विंडोज ११ मध्ये Snipping Tool त्यासाठी पुरेसे आहे. मायक्रोफोन मात्र चालू करावा, कारण खरी मेख इथेच आहे. व्हिडिओत माउस दिसतो, पण कोणती कळ दाबली ते दिसत नाही. वरच्या उदाहरणात दुकानदार ४ टाइप करून, कर्सर त्याच चौकटीत असतानाच Ctrl+S दाबतो. सपोर्टवाला सवयीने आधी Tab दाबतो. चौकट सोडल्यावरच सूट नव्याने मोजली जाते, म्हणून त्याला चूक दिसतच नाही. ‘आता Tab न दाबता Ctrl+S दाबतोय’ हे एक वाक्य बोलले, की प्रोग्रॅमरला नेमकी जागा सापडते.

म्हणून रेकॉर्डिंग चूक दिसल्यावर नव्हे, कोऱ्या बिलापासून सुरू करावे. सुरुवातीला सॉफ्टवेअरची आवृत्ती दाखवावी. पडदा पूर्ण घ्यावा, म्हणजे कोपऱ्यातले घड्याळही येते. त्या वेळेवरून सर्व्हरच्या नोंदीत तीच घटना शोधता येते. चुकीचा आकडा आला की माउस तिथे नेऊन दोन-तीन सेकंद थांबावे आणि ‘७५६ हवे होते’ असे म्हणावे. मग लगेच Tab दाबून तेच बिल पुन्हा करून दाखवावे. चुकलेले आणि न चुकलेले असे दोन्ही एकाच व्हिडिओत आले, की दुसऱ्या संगणकाचा दोष असेल ही शंका उरत नाही. हे सगळे मिनिटभरात आटोपते.

खऱ्या गिऱ्हाइकाचे नाव आणि फोन नंबर मात्र पडद्यावर नको. ‘चाचणी’ नावाने खोटे बिल करावे, मोबाइलवरून रेकॉर्ड करत असाल तर सूचनाही बंद ठेवाव्यात. कधीतरीच होणारी चूक मात्र अशी हुकमी पकडता येत नाही. तिच्यासाठी प्रत्येक वेळची तारीख-वेळ टिपून ठेवणेच उपयोगी.

व्हिडिओ व्हॉट्सअॅपने पाठवताना डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर दाबला जाऊन आकडे पुसट होतात. बिल क्रमांक आणि एरर संदेश सोबत टाइप करून द्या. व्हिडिओतला मजकूर कॉपी करून नोंदींत शोधता येत नाही.