छपन्नच्या काळाचे एक पान

‘दुष्काळात सापडलेल्या शेतकऱ्याच्या रोजनिशीचे एक पान लिहा’ असा स्वाध्याय मिळाला की मुलांच्या वह्यांत भेगाळलेली जमीन, आभाळाकडे लागलेले डोळे आणि झाडावरची गिधाडे हटकून येतात. हे पान दुर्गच्या बाजूचे, म्हणजे आजच्या भिलाईतल्या कुरुदसारख्या गावातले असेल, तर भेगांआधी भाताकडे पाहावे लागते. छत्तीसगढच्या शेतकऱ्याला काळ पडल्याचे आभाळ सांगत नाही, बांधीतले पाणी सांगते.

छपन्नच्या काळात हा भाग रायपूर जिल्ह्यात होता. दुर्ग जिल्हा १९०६ मध्ये वेगळा झाला. १८९६ मध्ये पाऊस लवकर आटोपला आणि भात गेला. पुढच्या दोन वर्षांत घरे सावरत होती, तोच १८९९ उजाडले. विक्रम संवत १९५६ चे हे साल, म्हणून लोकांच्या तोंडी ‘छपन्नचा काळ’. रोजनिशीवर तारीख टाकायची तर तीही शेतकऱ्याची हवी: तिथी किंवा नक्षत्र. जुलै-ऑगस्ट हे सरकारी अहवालाचे महिने.

त्या काळी गावोगाव रोजनिशी लिहिणारे शेतकरी नव्हतेच. शंभर पुरुषांत लिहिता-वाचता येणारे दहाही नव्हते. विद्यार्थ्याला मोकळीक मिळते ती इथेच, आणि घसरण्याची जागाही तीच. माधवराव सप्रे, रामराव चिंचोलकर आणि वामन बळीराम लाखे या मराठी मंडळींनी पेंड्र्याहून ‘छत्तीसगढ मित्र’ हे हिंदी मासिक काढले तेही नेमके जानेवारी १९०० मध्ये, काळ ऐन भरात असताना. नांगर धरणाऱ्याच्या हाती मात्र लेखणी नव्हती. त्याच्याबद्दल जे लिहिले गेले ते मजुरांच्या हजेरीपटात आणि मदतीच्या हिशेबात.

मग पानावर काय यावे? पहिली नोंद बियासीची. इथे भात बहुतेक फेकून पेरतात. रोपे महिनाभराची झाली आणि बांधीत वीतभर पाणी साचले की उभ्या पिकातूनच हलका नांगर फिरवतात. तण मोडते, दाट रोपे विरळ होतात, उरलेली जोमाने फुटवे धरतात. हीच बियासी. पाणी साचले नाही तर नांगर घालता येत नाही, कारण कोरड्या मातीत रोपे मुळासकट उपटून येतात. शेतकरी एकेक दिवस थांबतो, तोवर तण भाताच्या वर जाते. शेत बांधावरून हिरवेगार दिसते, पण ती हिरवळ गवताची असते. ज्या मुलाच्या पानात हे हिरवे शेत आले त्याला काळ समजला, असे खुशाल म्हणावे.

दुसरी नोंद हस्ताची, सप्टेंबरच्या अखेरची. त्या पावसावर लोंबी भरते. शिवाय कापणीआधी उभ्या भाताच्या ओलीत लाखोळी फेकायची असते. भात बुडाला तरी निदान तिची डाळ हाती लागावी म्हणून. ओलच नसली तर तीही आशा संपते. आणि लाखोळी आली तरी तिच्यात एक धोका दडलेला असतो. दुसरे धान्य नसताना महिनोन्महिने मुख्यतः तिच्यावरच काढले तर पाय लुळे पडतात, आणि ते पुन्हा पहिल्यासारखे होत नाहीत.

त्यानंतरच्या नोंदी विक्रीच्या. आधी भांडी, मग बायकोचे चांदीचे दागिने, मग बैल. सगळे गाव एकाच आठवड्यात बैल बाजारात नेते आणि चारा तर कुणाकडेच नसतो, त्यामुळे भाव कोसळतो. बियाणे सर्वांत शेवटी खाल्ले जाते. एकरी चाळीसेक किलो भात घरात असताना लेकरे उपाशी ठेवायची की पुढचे साल बुडवायचे, हा प्रश्न एका पानात मावणार नाही. तरी लिहायचा तो हाच.

पुढे सरकारी काम येते: रस्त्याची खडी फोडणे, तलाव खोदणे. मजुरी ठरे ती फोडलेल्या खडीवर किंवा खोदलेल्या मातीवर, आणि उपाशी माणसाच्याने ठरलेले काम पुरे होत नसे. जुलै १९०० मध्ये मध्य प्रांतात वीस लाखांहून जास्त माणसे सरकारी मदतीवर होती. त्याच सुमारास पटकीनेही माणसे नेली. १९०१ च्या खानेसुमारीत प्रांताची लोकसंख्या दहा वर्षांत सुमारे आठ टक्क्यांनी घटलेली निघाली.

बहुतेक मुले पान पाऊस आला की संपवतात. १९०० मध्ये पाऊस आला, तेव्हा गोठा रिकामा आणि कणगीही रिकामी. बियाण्यासाठी तगाई काढायची, आणि बैल राहिलेल्याच्या शेतावर आधी राबून मग त्याचा नांगर आपल्या बांधीत न्यायचा. बियासी मात्र पाणी साचल्यावर थोड्याच दिवसांत उरकावी लागते. बैलजोडी एक आणि वाट पाहणारी घरे पाच, अशा गावात भर पावसातही कुणाचे तरी शेत पुन्हा तणाखाली गेले असणार.