गुण सारखे, मग पुढे कोण?

28 जून 2018. रशियातल्या व्होल्गोग्रादमध्ये विश्वचषकाचा सामना चालू आहे आणि जपान पोलंडविरुद्ध 0-1 असा मागे आहे. शेवटची दहा मिनिटं उरलीत. मागे पडलेला संघ अशा वेळी जिवाच्या आकांताने धावतो. जपानचे खेळाडू मात्र आपल्याच अर्ध्या मैदानात चेंडू एकमेकांकडे सरकवत उभे आहेत. प्रेक्षक हुर्यो उडवतात, तरी त्यांच्यावर काही परिणाम होत नाही. हरलेल्या स्थितीत सामना संपावा, एवढीच त्यांची इच्छा आहे.

कारण तिकडे समारामध्ये कोलंबियाने सेनेगलवर एका गोलची आघाडी घेतली होती. दोन्ही सामने असेच संपले तर जपान आणि सेनेगल यांचे गुण सारखे, प्रत्येकी 4. गुण सारखे झाले की गोलफरक बघायचा, म्हणजे केलेल्या गोलांतून खाल्लेले गोल वजा करायचे. दोघांचाही शून्य. मग एकूण केलेले गोल: दोघांचेही चार. मग त्या दोघांचा आपसातला सामना: तो 2-2 असा बरोबरीत सुटलेला. शिडीच्या या चारही पायऱ्यांवर दोघे खांद्याला खांदा लावून उभे. पाचवी पायरी शिस्तीची होती. जपानला चार पिवळी कार्डं मिळाली होती, सेनेगलला सहा. जपान बाद फेरीत गेला, सेनेगल घरी. उगाच धावायचं, धसमुसळेपणात एखादं कार्ड ओढवून घ्यायचं किंवा दुसरा गोल खायचा, यापेक्षा जपानने उभं राहणं पसंत केलं.

गुणांनंतर गोलफरक आणि त्यानंतर आपसातला सामना, ही विश्वचषकाची अनेक वर्षांची रीत. युरोपच्या स्पर्धेत, म्हणजे युरो चषकात, गेली बरीच वर्षं क्रम उलटा आहे: गुण सारखे असलेल्यांनी एकमेकांविरुद्ध काय केलं ते आधी, एकूण गोलफरक नंतर. पुष्कळदा दोन्ही वाटा एकाच दारी पोचतात. 2021च्या फेब्रुवारीत बांबोळीच्या मैदानावर मुंबई सिटीने मोहन बागानला 2-0 हरवलं आणि दोघांचे 40-40 गुण झाले. तिथे गोलफरक घ्या की आपसातले सामने, मुंबईच वर. वाद घालायला जागाच नव्हती. वाद होतो तो जिथे या दोन वाटा फुटतात तिथे, आणि त्यासाठी 1982च्या स्पेनकडे जायला हवं.

त्या विश्वचषकात पश्चिम जर्मनी, ऑस्ट्रिया, अल्जीरिया आणि चिली एका गटात होते. विजयाला तेव्हा दोन गुण मिळत आणि गटातले पहिले दोघे पुढे जात. अल्जीरियाने पहिल्याच सामन्यात जर्मनीला 2-1 असा धक्का दिला, पण पुढे ऑस्ट्रियाकडून 0-2 हार पत्करली. शेवटच्या सामन्यात चिलीविरुद्ध मध्यंतराला अल्जीरिया 3-0 पुढे होता. उत्तरार्धात पाय जरा ढिले पडले, चिलीने दोन गोल फेडले आणि सामना 3-2 असा संपला. जिंकला तर अल्जीरियाच, गुणही पूर्ण मिळाले. त्या दोन गोलांचं त्या दिवशी कुणाला फारसं वाटलं नसावं.

दुसऱ्या दिवशी हिहोनला जर्मनी आणि ऑस्ट्रिया समोरासमोर आले, आणि गणित त्यांच्यासमोर उघडं पडलेलं होतं. अल्जीरिया: 4 गुण, पाच गोल केले, पाच खाल्ले, फरक शून्य. ऑस्ट्रिया: 4 गुण, तीन केले, एकही खाल्ला नाही, फरक अधिक तीन. जर्मनीला जिंकणं भाग होतं. मात्र तो एक किंवा दोन गोलांनी जिंकला तर ऑस्ट्रिया हरूनही अल्जीरियाच्या वरच राहणार होता. तीन गोलांनी हरला तर मात्र ऑस्ट्रियाचाही फरक शून्य, आणि जास्त गोल केलेला अल्जीरिया पुढे. दहाव्या मिनिटाला हृबेशने जर्मनीसाठी गोल केला. पुढची ऐंशी मिनिटं दोन्ही संघांनी खेळ जवळपास सोडूनच दिला. गॅलरीत अल्जीरियाचे पाठीराखे नोटा फडकावत होते, म्हणजे हा सामना विकलेला आहे. निकाल 1-0. तिघांचेही 4 गुण. जर्मनीचा फरक अधिक तीन, ऑस्ट्रियाचा अधिक दोन, अल्जीरियाचा शून्य.

आता चिलीचे ते दोन गोल पुसून पाहा. 3-0 असं राहिलं असतं तर अल्जीरियाचा फरक अधिक दोन झाला असता, म्हणजे 0-1 हरलेल्या ऑस्ट्रियाइतकाच, आणि गोल मात्र पाच विरुद्ध तीन. ऑस्ट्रियाला मग 0-1 चालला नसता. त्याला बरोबरीसाठी तरी धावावंच लागलं असतं.

अनेकांना वाटतं की आपसातला सामना आधी धरला असता तर जर्मनीला हरवलेला अल्जीरिया वाचला असता. करून बघू. चिलीचे सामने बाजूला ठेवले की उरतं ते एक चक्र: अल्जीरियाने जर्मनीला हरवलं, जर्मनीने ऑस्ट्रियाला, ऑस्ट्रियाने अल्जीरियाला. प्रत्येकाला एकेक विजय. त्या तीनच सामन्यांचा गोलफरक काढला तर ऑस्ट्रिया अधिक एक, जर्मनी शून्य, अल्जीरिया उणे एक. तेच दोघे पुढे, फक्त ऑस्ट्रिया पहिला. दोष शिडीचा नव्हताच. दोष होता तो एका संघाचा पेपर आदल्या दिवशी संपण्याचा. पुढच्या विश्वचषकापासून गटातले शेवटचे दोन्ही सामने एकाच वेळी सुरू होऊ लागले.

उलट्या क्रमाची स्वतःची खोड आहे. 2004च्या युरोमध्ये इटलीने डेन्मार्कशी 0-0 आणि स्वीडनशी 1-1 अशी बरोबरी केली होती. शेवटच्या दिवशी डेन्मार्क आणि स्वीडन यांच्यात 2-2 किंवा त्याहून मोठी बरोबरी झाली, तर तिघांच्या आपसातल्या सामन्यांत सर्वांत कमी गोल इटलीचे ठरणार होते. झालं नेमकं 2-2. त्याच वेळी इटलीने बल्गेरियाला भरपाई वेळेतल्या गोलने 2-1 हरवलं, पण दहा गोल मारले असते तरी उपयोग नव्हता. बल्गेरियाचा सामना त्या हिशेबात धरलाच जात नव्हता. गोलफरक आधी असता तर तीन गोलांचा विजय इटलीला डेन्मार्कच्या वर घेऊन गेला असता. म्हणून मला गोलफरकच बरा वाटतो: दुबळ्या संघावर गोलांचा पाऊस पाडून वर चढणं दिसायला चांगलं नसेल, पण शेवटच्या मिनिटापर्यंत आपलं नशीब निदान आपल्या पायात राहतं. फिफाचं मत वेगळं पडलेलं दिसतं. 2026च्या विश्वचषकासाठी तिने आपसातला सामना गोलफरकाच्या वर नेऊन ठेवला.

आणि सगळ्याच पायऱ्या संपल्या तर? 1990ला इटलीत आयर्लंड आणि नेदरलँड्स यांनी आपापले तिन्ही सामने बरोबरीत सोडवले. दोघांचेही दोन गोल केलेले, दोन खाल्लेले, आपसात 1-1. तेव्हा कार्डं मोजली जात नव्हती, म्हणून चिठ्ठ्या टाकल्या. दोघेही पुढे जाणारच होते, ठरायचं होतं ते दुसरं कोण आणि तिसरं कोण. चिठ्ठीने दुसरा क्रमांक आयर्लंडला दिला आणि त्यांच्या वाट्याला रुमानिया आला. त्यांना त्यांनी पेनल्टींवर हरवलं. तिसऱ्या क्रमांकाच्या नेदरलँड्सपुढे आला पश्चिम जर्मनी. नेदरलँड्स 1-2 हरला, आणि जर्मनी पुढे विश्वविजेता झाला.