तिसरी ओळ नवीन काय सांगते?

इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाच्या गणितात एक उदाहरण वर्षानुवर्षं फिरतंय. पुढची तीन समीकरणं दिलेली असतात आणि λ, μ यांच्या कोणत्या किमतींना एकच उत्तर मिळेल, कधी अनंत मिळतील आणि कधी एकही मिळणार नाही, असं विचारलेलं असतं.

```
x +  y +  z = 6
x + 2y + 3z = 10
x + 2y + λz = μ
```

मुलं ते पाठ करून सोडवतात. पण रँक म्हणजे काय, हे समजायला एवढं एकच उदाहरण पुरे आहे.

आधी x, y, z बाजूला ठेवून फक्त आकडे मांडायचे. उजवीकडचे आकडेही उभ्या रेघेपलीकडे लिहायचे. हा झाला ऑगमेंटेड मॅट्रिक्स. आता पहिली ओळ दुसरीतून आणि तिसरीतून वजा करा. दोन्हींतला x गेला. मग नवी दुसरी ओळ तिसरीतून वजा करा:

```
1  1   1   |  6
0  1   2   |  4
0  0  λ-3  | μ-10
```

अशी ओळीतून ओळ वजा केली तरी उत्तरं बदलत नाहीत, कारण तीच ओळ परत मिळवली की जुनी समीकरणं जशीच्या तशी हाती येतात. बदलते ती फक्त मांडणी. आधीच्या ओळींनी सांगितलेलं सगळं वजा झाल्यावर तिसऱ्या ओळीकडे स्वतःचं असं काय उरलं, ते आता दिसतं. वजाबाक्या संपल्यावर ज्या ओळी शून्य झाल्या नाहीत, त्यांची संख्या म्हणजे रँक.

λ हा 3 नसेल तर डावीकडे तिन्ही ओळी टिकतात, रँक 3. तिसऱ्या ओळीतून z मिळतो, तो दुसरीत घातला की y आणि शेवटी x. μ काहीही असो, उत्तर एकच. λ = 3 झाला की तिसऱ्या ओळीची डावी बाजू संपते आणि सगळं μ वर येतं. μ जर 12 असेल तर ती ओळ 0 = 2 म्हणते. डावीकडच्या मॅट्रिक्सचा रँक 2, ऑगमेंटेडचा 3, म्हणजे समीकरणंच एकमेकांना खोडून काढताहेत. उत्तर नाही. μ = 10 असेल तर मात्र तिसरी ओळ पूर्ण पुसली जाते. ती दुसऱ्या समीकरणाचीच नक्कल होती. चल राशी तीन आणि कामाच्या ओळी दोन, म्हणून एक चल आपल्या मर्जीचा: z = t धरला तर y = 4 − 2t आणि x = 2 + t. t कोणताही घ्या, तिन्ही समीकरणं जुळतात.

पेपर तपासताना दिसणारी एक चूक मला फार बोलकी वाटते. घाईत एकाच पायरीत R2 − R3 आणि R3 − R2, दोन्ही एकदम केलं जातं. λ = 5, μ = 10 घेऊन पाहा. मूळ ओळींवर असं केलं तर दुसरी ओळ −2z = 0 होते आणि तिसरी 2z = 0. दोन्ही ओळींचं म्हणणं एकच, त्यामुळे रँक 2 निघतो आणि विद्यार्थी ‘अनंत उत्तरं’ लिहून मोकळा होतो. खरं उत्तर एकच आहे: x = 2, y = 4, z = 0. एक ओळ बदलताना दुसरी जागेवर राहिली नाही, म्हणून त्यांच्यातली माहिती हरवली आणि ती परत मिळवायची सोय राहिली नाही. ही चूक पकडणं सोपं आहे. त्या अनंतांतलं एखादं उत्तर, समजा x = 1, y = 5, z = 0, मूळ दुसऱ्या समीकरणात घाला. 10 च्या जागी 11 येतात.

पेपरात λ एक तर 3 असतो किंवा नसतो. प्रयोगशाळेत मोजलेले आकडे इतके सरळ नसतात. समजा λ = 3.001 आणि μ = 10.001. मग z = 1, y = 2, x = 3. आता μ मोजताना किंचित फरक पडून 10.01 आला, तर z = 10, y = −16, x = 12! μ मध्ये एक शतांशाहूनही कमी फरक पडला आणि उत्तरं ओळखू येईनाशी झाली, कारण z काढताना μ − 10 ला 0.001 ने भागावं लागतं. कागदावर रँक 3 आहे, पण तिसरी ओळ जेमतेम तग धरून आहे. म्हणूनच संगणकावर रँक काढणारे प्रोग्रॅम ‘याहून लहान ते शून्य समजायचं’ अशी एक मर्यादा ठरवून घेतात. NumPy मधल्या `matrix_rank` ला ती `tol` म्हणून आपण स्वतः देऊ शकतो. आपलं मोजमापच दोन दशांश स्थळांपर्यंत विश्वासाचं असेल, तर 3.001 आणि 3 यांतला फरक आपल्याला कळलेलाच नसतो. तेव्हा तिथे रँक 2 धरणं हेच जास्त प्रामाणिक.