म्हातारी कुठं सापडते?

घाटनांदूरच्या स्टेशनवर परळीकडे जाणाऱ्या गाडीची वाट बघत बसले होते. शेजारच्या बाकावर एक बाई होती आणि तिच्या मांडीवर तीनेक वर्षांचं पोर रडत होतं. "म्हतारीची गोष्ट लाव की," म्हणून त्यानं धोशा लावला होता. बाईनं यूट्यूब उघडलं आणि इंग्रजी कळफलकावर काहीतरी टाइप केलं. पडद्यावर छत्तीसगढी गाणी आली. तिनं बोट वर-खाली केलं, पुन्हा टाइप केलं, पुन्हा गाणी. शेवटी कंटाळून तिनं समोर आलेलं एक हिंदी कार्टून लावून दिलं आणि पोर गप्प झालं.

त्या वेळी आमचा 'म्हातारी आणि भोपळा'चा भाग येऊन दोन महिने झाले होते. म्हणजे त्या पोराला हवी असलेली गोष्ट तिथंच, त्याच फोनमध्ये होती. घरी आल्यावर मी तेच करून पाहिलं. mahatari असं लिहिलं की छत्तीसगढीतली 'महतारी', म्हणजे आई, समोर येते. त्या बाईची चूक काहीच नव्हती. तिनं जसं ऐकू येतं तसं लिहिलं. चूक माझी होती, कारण शीर्षक मी लिहिलं होतं.

आमची मालिका घरगुती आहे. धाकटा भाऊ पुण्यात चित्रं हलवतो, मी इथं घाटनांदूरला बसून संवाद लिहिते आणि भाग तयार झाला की त्याचं शीर्षक, वर्णन, प्रकरणं, टॅग हे सगळं माझ्याकडे येतं. सुरुवातीला हे काम मी दहा मिनिटांत उरकत असे. या भागाचं पहिलं शीर्षक मी असं दिलं होतं:

```
आजीच्या गोष्टी | भाग ३ | भोपळ्यातली सफर
```

वाचायला बरं वाटतं. पण शोधणाऱ्याच्या बाजूनं बघा. मालिकेचं नाव कुणाला माहीत नाही, म्हणून ते कुणी शोधणार नाही. 'भाग ३' शोधायला आधी भाग १ पाहिलेला हवा. आणि 'भोपळ्यातली सफर' हे माझ्या डोक्यातून निघालेलं नाव, ते दुसऱ्या कुणाच्या डोक्यात असण्याचं कारणच नाही. सगळा महाराष्ट्र ज्या नावानं ही गोष्ट ओळखतो, त्या नावातला 'म्हातारी' हा शब्द शीर्षकात नव्हताच.

मग मी एक वही केली. यूट्यूबच्या शोधपट्टीत एकेक शब्द अर्धा लिहायचा आणि खाली काय काय सुचवलं जातं ते उतरवून घ्यायचं. हे करताना खासगी खिडकी उघडायची, नाहीतर आपण आधी जे पाहिलंय त्याच्याच सावलीतली उत्तरं मिळतात. ज्या सूचना दिसतात त्या लोकांनी खरोखर शोधलेल्या असतात, म्हणून त्या आपल्या अंदाजापेक्षा मोलाच्या. पण वहीतली निम्मी पानं भरली ती गल्लीत. शेजारच्या काकूंना विचारलं, "ही गोष्ट फोनवर लावायची तर काय म्हणाल?" त्या म्हणाल्या, "भोपळ्याची गोष्ट." त्यांच्या सुनेनं bhopla लिहून दाखवलं, तर फोननं ते आपणहून Bhopal करून टाकलं. त्यांच्या नातवाला विचारलं तर तो म्हणाला, "टुणुक लाव." नाव त्याला ठाऊकच नव्हतं, भोपळ्याचा आवाज ठाऊक होता.

या सगळ्यातून शीर्षक निघालं ते असं:

```
म्हातारी आणि भोपळा | मराठी गोष्ट | Mhatari ani Bhopla
```

गोष्टीचं रूढ नाव सगळ्यात पुढे, कारण फोनवरच्या यादीत लांब शीर्षकाचं शेपूट कापलं जातं. मधे 'मराठी गोष्ट', कारण आईबाप एखादी ठरावीक गोष्ट न आठवता नुसतं तेवढंच लिहितात. शेवटी रोमन लिपीतलं नाव, त्या स्टेशनवरच्या बाईसाठी. परदेशातल्या मराठी घरांनाही तेच उपयोगी पडतं, कारण तिथल्या मुलांना मराठी बोललेलं कळतं, पण देवनागरी टाइप करता येत नाही.

शीर्षकाला १०० वर्णांची मर्यादा आहे आणि देवनागरीत ती लवकर भरते. आपल्या डोळ्यांना 'म्हातारी' ही तीन अक्षरं दिसतात. मोजताना मात्र म, हलन्त, ह, काना, त, काना, र, वेलांटी अशी आठ मोजली जातात. वरचं सगळं शीर्षक ५३ भरतं. म्हणून उरलेल्या जागेत काही कोंबायचा मोह होतो. मीही एकदा 'नवीन', 'मजेदार', 'लहान मुलांसाठी' असं सगळं घालून पाहिलं आणि काढून टाकलं. 'मजेदार म्हातारी' कुणी शोधत नाही.

भावाशी वाद झाला तो एका शब्दावरून. मी वर्णनात 'कार्टून' लिहिलं होतं.

"ताई, आपण कार्टून नाही करत, ॲनिमेशन करतो."

"अरे, पण लेकराची आई काय म्हणते?"

त्याला ते लागलं, हे मला कळत होतं. एका सेकंदाच्या हालचालीसाठी तो अर्धा दिवस घालवतो आणि लोक त्याला कार्टून म्हणतात. पण आमच्या वहीत 'ॲनिमेशन' हा शब्द एकदाही आलेला नव्हता. शिवाय तो दोन तऱ्हांनी टाइप होतो, अ-वर चंद्र जोडून किंवा थेट ॲ लिहून. दिसतो सारखा, संगणकासाठी मात्र ती दोन वेगळी लिखाणं. शेवटी तडजोड झाली. श्रेयनामावलीत ॲनिमेशन, वर्णनात कार्टून.

वर्णनाला ५,००० वर्णांची ऐसपैस जागा असते. पण शोधताना दिसतात त्या पहिल्या एक-दोन ओळीच. तिथं पूर्वी मी 'आमच्या चॅनलवर आपलं स्वागत आहे' लिहीत असे, म्हणजे सगळ्यात मोक्याची जागा स्वागतात जायची. आता तिथं गोष्टच सांगते: 'लेकीला भेटायला निघालेल्या म्हातारीला जंगलात कोल्हा आणि वाघ अडवतात. परत येताना ती भोपळ्यात बसते आणि भोपळा टुणुक टुणुक निघतो.' या दोन वाक्यांत लेक, जंगल, कोल्हा, वाघ, भोपळा, टुणुक हे सगळे शब्द आपसूक येतात आणि वाचणाऱ्याला ती माणसानं सांगितलेली गोष्टच वाटते. शब्दांची नुसती माळ वर्णनात ओवणं यूट्यूबच्या नियमांत बसत नाही. एके काळी मी दोन गाजलेल्या कार्टूनांची नावंही टॅगमध्ये घातली होती, त्यांच्या गर्दीतलं कुणी आपल्याकडे वळेल म्हणून. तेही नियमाविरुद्ध आहे आणि शिवाय निरुपयोगी. जो दुसरंच काही बघायला आला तो पाच सेकंदांत परत जातो.

प्रकरणांनी मला आठवडाभर छळलं. वर्णनात वेळा लिहिल्या की खालची पट्टी तुकड्यांत विभागली जाते आणि हव्या त्या तुकड्यावर उडी मारता येते, एवढं मला ठाऊक होतं. मी लिहिलं, पण पट्टी अखंडच राहिली. कारण शोधता शोधता कळलं की पहिली वेळ शून्याचीच लागते. आमचं नाव पडद्यावर पाच सेकंद असतं, म्हणून मी गोष्ट 0:05 पासून मोजली होती. ते सुधारलं तरी काही होईना. कमीत कमी तीन वेळा लागतात, त्या चढत्या क्रमानं लागतात आणि प्रत्येक तुकडा निदान दहा सेकंदांचा लागतो. माझा कोल्ह्याचा प्रसंग सात सेकंदांचा होता. तो वाघाला जोडून टाकला, तेव्हा कुठं पट्टी फुटली:

```
0:00 म्हातारी लेकीकडे निघते
0:48 जंगलात कोल्हा आणि वाघ
2:35 लेकीच्या घरी
3:50 भोपळ्यात बसून परत
```

हे आकडे मी इंग्रजी अंकांतच लिहिते. प्रकरणांना 'सुरुवात', 'मध्य', 'शेवट' अशी नावं देऊन उपयोग नाही. गूगलच्या शोधात व्हिडिओखाली कधीकधी हे तुकडे नावानिशी दिसतात, तेव्हा 'जंगलात कोल्हा आणि वाघ' वाचून कुणीतरी आत येतं, 'मध्य' वाचून नाही. आणि पोरांना तर गोष्ट सलग बघायचीच नसते. काकूंचा नातू शेवटचा तुकडा लागोपाठ सहा वेळा बघतो.

टॅगचं काम थोडं आहे. ५०० वर्णांची जागा असते, पण शोधात त्यांचं वजन फार कमी, असं यूट्यूब स्वतःच सांगतं. लोक जे शब्द चुकवून लिहितात तेवढ्यापुरते ते उपयोगी. म्हणून तिथं फक्त चुका आणि बोली: म्हतारी, म्हातारी अन भोपळा, mhatari bhopala, mahatari bhopla.

मुलांसाठी म्हणून नोंदवलेल्या व्हिडिओला प्रतिक्रिया नसतात आणि शेवटी पुढच्या भागाची चौकटही लावता येत नाही. म्हणजे एक गोष्ट संपली की हात धरून दुसरीकडे न्यायचे ते दोन रस्ते बंद. ते काम प्लेलिस्टलाच करावं लागतं, म्हणून तिचं नावही मी 'आजीच्या गोष्टी' वरून 'मराठी गोष्टी: म्हातारी, चिमणी, कावळा' असं केलं. भाग क्रमांक सगळीकडून काढले. एकच गोष्ट दोन भागांत होती, तिथं मात्र 'भाग २' ठेवला, कारण पहिला पाहिलेला माणूस तोच शब्द शोधत येतो.

बदल कामी आला का, हे बघायला यूट्यूब स्टुडिओत जावं लागतं. व्हिडिओ शोधात कुणाला दिसतच नसेल तर शब्द चुकले. दिसतोय पण कुणी दाबत नसेल तर शीर्षक किंवा वरचं चित्र कमी पडतंय. दाबतात आणि लगेच निघून जातात, तर शीर्षकानं दिलेला शब्द व्हिडिओनं पाळलेला नाही. हे तिन्ही वेगळे आजार आहेत. मी एकदा सगळ्या भागांची शीर्षकं, चित्रं आणि वर्णनं एका रात्रीत बदलली आणि मग काहीतरी सुधारलं, पण कशानं ते कधीच कळलं नाही. आता एका भागात एकच गोष्ट बदलते आणि तीन आठवडे हात लावत नाही.

याला मर्यादा आहेतच. ही गोष्ट आमच्याआधी कितीतरी चॅनलांनी केली आहे आणि नेमकं 'म्हातारी आणि भोपळा' शोधलं की ते आमच्या वर येतात. शीर्षक कितीही नेटकं केलं तरी तिथं पहिला नंबर मिळत नाही. आम्ही सापडतो ते कडेकडेच्या शब्दांवर.

स्टुडिओत लोकांनी काय लिहून आपल्याला शोधलं त्याची यादी मिळते. परवा त्या यादीत एक ओळ नवी होती: 'भोपळ्यातली आज्जी'. मी हे कुठंच लिहिलं नव्हतं. म्हातारी हा पुस्तकातला शब्द. पोरांच्या लेखी भोपळ्यात बसते ती आज्जी. मी वर्णनाच्या दुसऱ्या वाक्यात 'ती' काढून 'आज्जी' लिहिलं, वहीत तारीख टाकली आणि चिमणी-कावळ्याच्या नव्या भागासाठी कोरं पान काढलं. काकूंचा नातू अंगणातच होता. त्याला हाक मारली आणि विचारलं, "ज्याचं घर पावसात वाहून गेलं, त्याची गोष्ट तू काय म्हणून मागशील?"