स्लॅबला भोक पाडण्याआधी

मोठ्या ऑफिस इमारतींत आणि मॉलमध्ये आता अनेकदा पोस्ट-टेन्शन्ड स्लॅब असतो. त्यात नेहमीच्या सळ्यांबरोबर सात तारांच्या पिळाची पोलादी केबल असते. काँक्रीट घट्ट झाल्यावर ती जॅकने ताणून टोकांना पाचरीने अडकवतात. साधारण 12.7 मिमी जाडीच्या एका केबलवर दहा टनांहून अधिक ताण कायम असतो.

ही केबल सरळ जात नाही. खांबावर ती स्लॅबच्या वरच्या अंगाला असते आणि दोन खांबांच्या मध्यावर खाली उतरते. त्यामुळे मध्यावर फॉल्स सीलिंगसाठी खालून पाडलेले पाच सेंटिमीटरचे भोकही तिला गाठू शकते.

केबलभोवती ग्राउट नीट भरलेले असेल, तर तुटल्यावर नुकसान बरेचसे त्याच भागात राहते. ग्रीस लावून प्लॅस्टिकच्या आवरणात ठेवलेली केबल मात्र काँक्रीटला चिकटलेली नसते. ती एका जागी तुटली की टोकापासून टोकापर्यंतचा ताण जातो. तुटलेली तार स्लॅब फोडून किंवा कडेतून झटक्यात बाहेर येऊन माणसाचा जीव घेऊ शकते.

म्हणून आधी केबलचा नकाशा पाहा, रडारने स्कॅन करून केबलची जागा स्लॅबवर आखून घ्या आणि ड्रिलला खोलीची मर्यादा लावा. भोकातून पत्रा, प्लॅस्टिक किंवा ग्रीस दिसले, तर काम तिथेच थांबवा, माणसे दूर करा आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवा.