स्टार्च कधी घालायचा?

घरगुती ब्लीचच्या बाटलीवर उपलब्ध क्लोरीन ५ टक्के लिहिलेला होता. तो खरोखर किती आहे, हे आयोडीनमार्फत मोजता येतं. पण मोजणारा हायपो, म्हणजे सोडियम थायोसल्फेट, आधी तपासावा लागतो. त्याच्या स्फटिकांतलं पाणी कोरड्या हवेत उडतं आणि द्रावणही ठेवून ठेवून बदलतं. लिटरला २४.८ ग्रॅम अगदी काळजीपूर्वक तोलले, तरी ते बरोबर ०.१ नॉर्मल निघेल याची खात्री नसते.

म्हणून आधी पोटॅशियम डायक्रोमेट. वाळवलेलं डायक्रोमेट ४.९०३ ग्रॅम घेऊन लिटरभर केलं, की ०.१ नॉर्मल द्रावण मिळतं. त्यातले २५ मिली फ्लास्कमध्ये घेऊन पोटॅशियम आयोडाइड आणि हायड्रोक्लोरिक आम्ल घातलं, बूच लावलं आणि पाच मिनिटं कपाटाच्या अंधारात ठेवलं. इथे घाई केली तर आयोडीन पूर्ण सुटत नाही आणि शेवटी संपलेला स्टार्चचा निळा रंग लगेच परत येतो. मग पाणी घालून ब्युरेटमधून हायपो सोडला. २५.६ मिली लागला, म्हणजे माझा हायपो ०.०९७७ नॉर्मल.

आता ब्लीच. १० मिली घेऊन २५० मिलीपर्यंत पातळ केलं आणि त्यातले २५ मिली, म्हणजे मूळचं १ मिली, फ्लास्कमध्ये घेतलं. आयोडाइड आधी, आम्ल नंतर. हा क्रम उलटला तर क्लोरीन वायू सुटतो. नाकाला त्रास तर होतोच, शिवाय मोजायचा मालच हवेत जातो. ॲसेटिक आम्ल घालताच द्रावण गडद तपकिरी झालं.

स्टार्चची बाटली हाताशी असली तरी इथे थांबायचं. भरपूर आयोडीन असताना स्टार्च घातला तर आयोडीन त्याला घट्ट धरून बसतं आणि हायपोला लवकर सापडत नाही. निळा रंग रेंगाळतो आणि आपण हायपो जास्त घालून बसतो. म्हणून तपकिरी रंग फिकट होत वाळल्या गवतासारखा पिवळसर होईपर्यंत वाट पाहायची, मग १–२ मिली ताजा स्टार्च. गडद निळा रंग येतो आणि थेंबाथेंबाने जातो. (डायक्रोमेटच्या वेळी शेवटी रंगहीन नव्हे, फिकट हिरवं उरतं, तो क्रोमियमचा रंग.) अर्ध्या-एक मिनिटाने निळसर छटा परतली तर ती हवेची करामत, मोजायची नाही.

क-जीवनसत्त्वावर थेट आयोडीन सोडताना मात्र स्टार्च सुरुवातीलाच चालतो. तिथे आयोडीन पडताच संपतं, ते शिल्लक राहतं शेवटीच.

ब्लीचला ११.४ मिली हायपो लागला. ११.४ × ०.०९७७ × ३५.४५ म्हणजे १ मिलीमध्ये साधारण ३९.५ मिलिग्रॅम क्लोरीन, सुमारे ३.९५ टक्के. हायपो न तपासता ०.१ धरला असता, तर ४.०४ आलं असतं. हायपोक्लोराइट उष्णतेने आणि उजेडाने उतरतं, तेव्हा बाटली घेताना टक्केवारीइतकीच उत्पादनाची तारीखही पाहा.